शेवेची पाकिटं, मशीनवरचा खटला आणि दोन तऱ्हेच्या चुका

इंदूरला सांवेर रोडवर माझ्या चुलत दादाचं शेव-नमकीनचं छोटं युनिट आहे, लौंग शेव, रतलामी शेव, थोडं मिक्स्चर, बस इतकंच. २०० ग्रॅमचं पाकीट हा त्याचा मुख्य माल. पाकिटं भरायला एक मशीन आहे, ते वजन करून शेव सोडतं आणि पाकीट सील करतं. मी स्टॅटिस्टिक्स शिकले आणि बरीच वर्षं क्वालिटीच्या कामात काढली, म्हणून दोन वर्षांपूर्वी दादा म्हणाला की बाई, मला असं काहीतरी करून दे की मशीन कमी भरायला लागलं की त्याच दिवशी कळेल. मी करून दिलं. त्यात आधी एक चूक झाली, ती टाळायला गेलो तर दुसरी झाली, आणि शेवटी रामबागेतल्या आमच्या काकांकडे जेवायला बसलो होतो तेव्हा कुठे दादाला नक्की काय झालं ते नीट कळलं. काका आयुष्यभर फौजदारी वकिली करून रिटायर झालेत. तेव्हाचं सगळं प्रकरण आकड्यांसकट लिहितेय, कारण स्टॅटिस्टिक्समधल्या या दोन चुकांची टाइप वन आणि टाइप टू ही नावं पाठ असतात पण हातात पाकीट घेतल्यावर कुठली कुठली ते चटकन सांगता येत नाही.

आधी मशीनबद्दल. मशीन अगदी ठीक असलं तरी प्रत्येक पाकिटात बरोबर २०० ग्रॅम पडत नाही, शेव म्हणजे काही पाणी नाही, एक गुच्छा जास्त सरकला की ५ ग्रॅम इकडे, एखादा अडकला की ५ ग्रॅम तिकडे. आम्ही मशीन नव्याने सेट केलं तेव्हा भरपूर पाकिटं मोजून पाहिली, तर स्टँडर्ड डेव्हिएशन, वजनं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, ४ ग्रॅमच्या आसपास आलं, म्हणजे सरासरी २०० असली तरी बहुतेक पाकिटं १९२ ते २०८ च्या मधे कुठेही. त्यामुळे एक पाकीट १९५ भरलं म्हणून मशीनवर आरोप करता येत नाही. पण १६ पाकिटांची सरासरी काढली तर ती इतकी हलत नाही, ४ ला १६ च्या वर्गमुळाने भागायचं, १ ग्रॅम उरतो. म्हणून रोज सकाळी १६ पाकिटं, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करून, सरासरी.

आता रेघ कुठे मारायची? मशीन ठीक असताना १६ ची सरासरी १९८.३६ च्या खाली जायची शक्यता ५ टक्के असते. म्हणून रेघ १९८.३६ ला. सरासरी त्याच्या खाली गेली तर मशीन थांबवायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं, वर राहिली तर काम चालू. जास्त भरण्याची काळजी या चाचणीत घेतलीच नाही, त्यात दादाचं नुकसान असतं पण गिऱ्हाइकाचं नाही, ते तो शेवेच्या महिन्याच्या हिशोबात पकडतो.

पहिल्या महिन्यातच एका सकाळी सरासरी १९८.२ आली. मशीन बंद. मेकॅनिक पोलोग्राउंडहून यायचा होता, तो दुपारी आला, सगळं उघडून बघितलं, लोड सेल ठीक, शटर ठीक, काही सापडेना. मग शंका नको म्हणून १०० पाकिटं भरून मोजली तर सरासरी २००.१. इतक्या पाकिटांची सरासरी फार तर एक ग्रॅमभर हलेल, त्यामुळे मशीन ठीक होतं यात शंका उरली नाही. अर्धा दिवस गेला, तळलेली शेव ट्रेमधे पडून राहिली, सहा माणसं नुसती बसून, आणि दादा मला म्हणाला, तुझ्या चाचणीने चांगल्या मशीनला उगाच फाशी दिली.

शब्द अगदी बरोबर वापरला त्याने, फक्त तेव्हा मला ते सुचलं नाही. मी आपली टेक्निकल बोलत बसले आणि दादाने वैतागून रेघ खाली सरकवायला लावली. मीही ऐकलं, आणि ही चूक माझी, कारण मला हिशोब माहीत होता आणि मी तो त्याच्यासमोर मांडला नाही. ५ टक्क्यांऐवजी १ टक्का केलं, रेघ १९७.६७ ला आली. आता चांगलं मशीन उगाच थांबायची भीती शंभरात एकदा. दादा खूश.

दोनेक महिने शांततेत गेले आणि मग देवासच्या एका दुकानदाराचा फोन आला की पाकिटं हलकी लागतायत, गिऱ्हाइकं काट्यावर ठेवून दाखवतात. गोदामात त्याच लॉटची पाकिटं शिल्लक होती, ४०० मोजली, सरासरी १९७.९. चारशेची सरासरी असली की ती अर्ध्या ग्रॅमनेही सहसा हलत नाही, त्यामुळे मशीन त्या दिवसांत खरंच २ ग्रॅम कमी भरत होतं, शटरमधे तेलकट चुरा जमून ते जरा लवकर बंद होत होतं. मग रजिस्टर उघडलं. तीन दिवसांच्या सरासऱ्या होत्या १९८.५, १९७.९, १९८.३. तिन्ही १९७.६७ च्या वर, म्हणून तिन्ही दिवस आम्ही मशीनला सोडून दिलं होतं. जुनी १९८.३६ ची रेघ असती तर दुसऱ्याच दिवशी पकडलं गेलं असतं. २ ग्रॅम म्हणजे १ टक्का, ऐकायला काही नाही, पण पाकिटावर २०० छापलंय आणि सगळा लॉटच्या लॉट सरासरीने कमी आहे, वजनमापं तपासणारे नापतौलवाले नमुना घेऊन गेले असते तर पुढची भानगड वेगळी.

त्या रविवारी काकांकडे जेवायला होतो. दादा तावातावाने सांगत होता की पहिल्यांदा चाचणी खोटी ठरली, दुसऱ्यांदाही खोटी ठरली, मग करायची कशाला. काका शांतपणे म्हणाले, "अरे, तू दोन वेगळ्या चुकांना एकच नाव देतोयस. पहिल्यांदा निर्दोषाला शिक्षा झाली. दुसऱ्यांदा गुन्हेगार सुटला. आमच्या कोर्टात या दोन चुका एका पारड्यात कधीच टाकत नाहीत."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या चाचणीला इतकं चपखल बसलं की मी ताट तसंच ठेवून वही घेतली.

कोर्टात आरोपी उभा राहतो तेव्हा तो निर्दोष आहे असं धरून सुरुवात होते. निर्दोष असल्याचं त्याने सिद्ध करायचं नसतं, दोष सरकारी वकिलाने सिद्ध करायचा असतो. आमच्याकडे आरोपी म्हणजे मशीन, आणि 'मशीन ठीक आहे, सरासरी २०० च आहे' हे आधी धरून चाललेलं म्हणजे नल हायपोथेसिस, पुस्तकात शून्य परिकल्पना म्हणतात ती. १६ पाकिटं म्हणजे साक्षीदार. आणि १९८.३६ ची रेघ म्हणजे किती पुरावा आला की दोषी म्हणायचं त्याची पातळी. आरोपी खरंच निर्दोष आणि तरी शिक्षा झाली, ती टाइप वन चूक, तिची शक्यता म्हणजे अल्फा. आरोपीने खरंच केलंय आणि तरी तो सुटला, ती टाइप टू, तिची शक्यता म्हणजे बीटा. दोषी आरोपी पकडला जायची शक्यता, म्हणजे १ वजा बीटा, तिला पॉवर म्हणतात. काकांना ही नावं माहीत नव्हती पण गोष्ट पूर्ण माहीत होती.

ही तुलना काही आमच्या जेवणाच्या पाटावरची नाही हे मी दादाला सांगितलं. नेमन आणि इगॉन पिअरसन या दोन स्टॅटिस्टिशियननी १९३३ साली दोन चुकांचा हा विचार नीट मांडला, त्या लेखात त्यांनी स्वतःच कोर्टाचं उदाहरण घेतलंय, निर्दोषाला दोषी ठरवणं जास्त वाईट की दोषीला सोडणं, आणि त्यांचं उत्तर असं की ते परिणामांवर अवलंबून आहे, शिक्षा फाशीची आहे की दंडाची, सुटलेल्या गुन्हेगारापासून समाजाला धोका किती. हे ऐकून काका एकदम सावरून बसले. म्हणाले, आमच्याकडेही तेच, फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं कारण माणसाचं स्वातंत्र्य जातं, दिवाणी दाव्यात मात्र कुठली बाजू जास्त संभवनीय इतकं बघतात. एकाच कोर्टाच्या आवारात दोन वेगळ्या रेघा. म्हणजे ५ टक्के हा काही देवाने दिलेला आकडा नाही. फिशर या स्टॅटिस्टिशियनने १९२५ मधे वीसात एक ही सोयीची पातळी म्हणून सांगितली आणि ती रुळली, तुमच्या प्रकरणात कुठली चूक किती महाग ते बघून रेघ तुम्ही ठरवायची असते.

दादाचा पुढचा प्रश्न अगदी योग्य होता: "मग पहिल्या रेघेला गुन्हेगार सुटायची शक्यता किती होती? ते तू मला कधी सांगितलंच नाहीस."

खरंच नव्हतं सांगितलं. तो हिशोब असा. समजा मशीन खरंच १९८ भरतंय. मग १६ ची सरासरी १९८ च्या आजूबाजूला १ ग्रॅमने हलणार. ती १९८.३६ च्या वर राहिली की मशीन सुटलं. ही शक्यता ३६ टक्के निघते. म्हणजे जुन्या रेघेलाही २ ग्रॅम चोरणारं मशीन तीनातून एकदा हातावर तुरी देऊन जात होतं. आणि रेघ १९७.६७ केल्यावर? तीच शक्यता ६३ टक्के. निर्दोषाला शिक्षा व्हायची शक्यता ५ वरून १ वर आणली, आणि त्यासाठी गुन्हेगार सुटायची शक्यता ३६ वरून ६३ वर नेली. तीन दिवस सलग सुटायची शक्यता साधारण २५ टक्के, म्हणजे देवासच्या फोनमधे नशीब वाईट वगैरे काही नव्हतं, चारातून एकदा हे होणारच होतं.

१६ पाकिटं तेवढीच ठेवून रेघ हलवली की एक चूक कमी होते आणि दुसरी वाढते, यातून सुटका नाही. काकांनी याला लगेच जोड दिली, साक्षीदार तेवढेच ठेवून जज जास्त कडक पुरावा मागायला लागला की निर्दोष वाचतात पण त्याच दारातून दोषीही बाहेर पडतात.

इथे दादाने एक गोष्ट विचारली जी मला वाटतं सगळ्यात जास्त लोक चुकतात. तो म्हणाला, ५ टक्के अल्फा म्हणजे मशीन थांबवलं की ते ९५ टक्के खराब असणारच ना? नाही. अल्फा हा 'निर्दोष आरोपींपैकी किती जणांना शिक्षा होते' याचा आकडा आहे, 'शिक्षा झालेल्यांपैकी निर्दोष किती' याचा नाही. समजा १००० दिवसांपैकी ९०० दिवस मशीन ठीक आहे आणि १०० दिवस ते २ ग्रॅम कमी भरतंय. ठीक असलेल्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५ दिवस उगाच थांबणार. खराब १०० पैकी ६४ पकडले जाणार. एकूण १०९ वेळा मशीन थांबलं, त्यातले ४५ निर्दोष, म्हणजे ४१ टक्के! आणि मशीन जितकं क्वचित बिघडत असेल तितकं हे प्रमाण वाढत जाणार. काका म्हणाले, रस्त्यावरून हाताला येतील ती माणसं धरून आणून खटले चालवले तर असंच होईल, म्हणून तर आधी तपास असतो आणि मग चार्जशीट.

कोर्टाची तुलना एका जागी मात्र अपुरी पडते, आणि आमचा पहिला गोंधळ नेमका तिथलाच होता. कोर्टात एका आरोपावर एकच खटला चालतो. आमच्या मशीनला आम्ही रोज सकाळी पिंजऱ्यात उभं करत होतो. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर २५ खटले, प्रत्येकात ५ टक्के, म्हणजे मशीन महिनाभर अगदी ठणठणीत असलं तरी निदान एकदा ते उगाच थांबायची शक्यता ७२ टक्के. पहिल्या महिन्यातली ती १९८.२ ची सकाळ म्हणजे चाचणी बिघडल्याची खूण नव्हती, रोज ५ टक्क्यांवर खटला चालवायचं ठरवलं तेव्हाच ती ठरली होती. हे आधी सांगितलं असतं तर दादा इतका चिडला नसता.

मग उपाय काय? दादाला अपील सुचलं. रेघेखाली गेलं की लगेच आणखी १६ पाकिटं घ्यायची, दोन्ही वेळा खाली असेल तरच थांबवायचं. चांगलं वाटतं, निर्दोषाला शिक्षा व्हायची शक्यता ५ टक्क्यांच्या ५ टक्के म्हणजे ०.२५ टक्का. पण खराब मशीनही दोनदा पकडलं गेलं पाहिजे, ६४ टक्क्यांचे ६४ टक्के, ४१ टक्के. म्हणजे ५९ टक्के वेळा सुटणार. अपील फक्त आरोपीलाच मिळत असेल तर फायदा फक्त आरोपीचाच होणार, हे काकांनी आकडे न बघताच सांगितलं होतं.

दोन्ही चुका एकदम कमी करायला एकच रस्ता आहे, साक्षीदार वाढवायचे. ३६ पाकिटं घेतली आणि अल्फा ५ टक्केच ठेवला तर रेघ १९८.९ ला येते आणि २ ग्रॅमची चोरी सुटायची शक्यता ९ टक्क्यांवर उतरते. ६४ घेतली तर सरासरी अर्धाच ग्रॅम हलते, मग अल्फा १ टक्का ठेवूनही रेघ १९८.८४ ला येते आणि चोरी सुटायची शक्यता ५ टक्के. पहिल्या रेघेपेक्षा दोन्हीकडून चांगलं, आणि दुसरीपेक्षा अल्फा तेवढाच पण चोरी सुटणं खूप कमी. उगाच थांबणं चार महिन्यांत साधारण एकदा.

किंमत आहेच. एक पाकीट काट्यावर ठेवून आकडा लिहायला २०-२५ सेकंद, ६४ ला अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. दादा म्हणाला अर्धा दिवस मशीन बंद ठेवण्यापेक्षा हे परवडतं. पण मी एक अट घातली, ६४ पाकिटं एका दमात उचलायची नाहीत. लागोपाठची पाकिटं एकाच ट्रेमधल्या शेवेची असतात, एकसारखी हलकी किंवा एकसारखी जड निघतात, आणि मग ती ६४ वेगळे साक्षीदार नसून एकाच घरातले लोक एकमेकांचं ऐकून साक्ष देतायत असं होतं, सरासरी अर्धा ग्रॅम हलते हा हिशोबच खोटा पडतो. म्हणून सकाळचे पहिले दोन तास, दर अर्ध्या तासाला १६, अशा चार फेऱ्या, आणि त्या फेरीतही मधली मधली पाकिटं सोडून. निकाल लागेपर्यंत त्या दोन तासांचा माल बाजूला, गाडीत चढवायचा नाही. आणखी एक, चारही फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय १९८.८४ शी तुलना करायची नाही, कारण प्रत्येक फेरीनंतर डोकावून निकाल द्यायला लागलो की परत तेच, एका सकाळी चार खटले.

दादाने विचारलं, म्हणजे आता पास झालं की मशीन ठीक, हे पक्कं? काकांनी नकारार्थी मान हलवली. संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस निर्दोष असेलच असं नाही, पुरावा पुरला नाही इतकंच त्यातून कळतं. आमचा ५ टक्के बीटा हा २ ग्रॅम चोरणाऱ्या मशीनसाठी आहे. तेच मशीन १ ग्रॅम चोरत असेल, म्हणजे १९९ भरत असेल, तर ६४ पाकिटं मोजूनही ६३ टक्के वेळा सुटेल. भुरटा चोर मागे कमी खुणा सोडतो. त्यामुळे बीटा विचारला की आधी उलट विचारायचं, किती मोठ्या गुन्ह्यासाठी? आम्ही २ ग्रॅम का धरला, तर दादाच्या मते त्याच्या पलीकडे दुकानदाराच्या काट्यावर फरक उठून दिसतो. हा निर्णय त्याचा, स्टॅटिस्टिक्स तो देऊ शकत नाही.

या दोन चुकांमधला एक फरक मला रजिस्टर चाळताना लक्षात आला. टाइप वन स्वतःहून समोर येते, मेकॅनिक येतो, काही सापडत नाही, सगळ्यांना दिसतं. टाइप टू गप्प बसते. मशीन सुटलं, काम चालू राहिलं, कोणी तपासलंच नाही तर रजिस्टरमधे तो दिवस चांगल्या दिवसांसारखाच दिसतो. देवासचा फोन आला नसता तर आम्ही ते तीन दिवस 'ठीक' म्हणूनच मोजले असते आणि नवी रेघ किती छान चाललीये असं एकमेकांना सांगत बसलो असतो. म्हणून आता वहिनी दर शनिवारी गोदामातून त्या आठवड्याच्या लॉटमधली ४०० पाकिटं वेगवेगळ्या खोक्यांतून काढून मोजते, त्यात अर्ध्या ग्रॅमचा फरकही बहुतेक वेळा दिसतो, आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखलेत, एक 'थांबवलं पण ठीक निघालं' आणि दुसरा 'सोडलं पण कमी निघालं'. दुसऱ्या रकान्यातली पहिली नोंद देवासच्या लॉटचीच आहे, तारीख मागची घालून वहिनीने स्वतः लिहिली.